दहा टक्के की साठ रुपये? सवलतीची पाटी लिहिण्याआधी

ऐकणाऱ्या सगळ्या ताई, मावशी, वहिनी, आणि गटाची बैठक थांबवून रेडिओ लावून बसलेल्या सख्यांनो, आज आपण एका पाटीबद्दल बोलणार आहोत. सणासुदीला आपण स्टॉल लावतो आणि पुठ्ठ्यावर लिहितो, 'दिवाळी निमित्त १० टक्के सूट'. हेच 'डब्यामागे ६० रुपये सूट' असंही लिहिता येतं. पैसे तेवढेच कमी होतात, मग लिहिण्याने काय फरक पडतो? पडतो. तो का पडतो, कोणत्या मालाला कोणते शब्द चालतात आणि हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर काय लिहावं, एवढंच आज नीट समजून घेऊ. हिशोबाची वही जवळ असेल तर काढून ठेवा, मध्ये थोडी आकडेमोड आहे.

टक्के म्हटलं की काही जणींना शाळेतलं गणित आठवतं आणि नको वाटतं. पण टक्के आपल्या गटात दर महिन्याला वापरले जातात. अंतर्गत कर्ज देताना आपण म्हणतो, 'शेकडा दोन रुपये'. म्हणजे शंभर रुपयांमागे महिन्याला दोन रुपये व्याज. टक्का म्हणजे हाच शेकडा. दहा टक्के सूट म्हणजे किमतीतल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे दहा रुपये कमी. वस्तू ६०० रुपयांची असेल तर सहा शेकडे, म्हणून ६० रुपये कमी. वस्तू ८० रुपयांची असेल तर एक शेकडाही पुरा होत नाही, म्हणून दहा रुपयेही कमी होत नाहीत, आठच होतात.

पाटीची सगळी गंमत यातच आहे. किंमत शंभराच्या खाली असेल तर टक्क्यांचा आकडा रुपयांच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. किंमत शंभराच्या वर गेली की रुपयांचा आकडा मोठा होतो. बरोबर शंभराला दोन्ही सारखे. पाव किलो चकलीचं पाकीट ८० रुपयांचं आहे असं धरा. '२० टक्के सूट' आणि '१६ रुपये सूट' यांत नजरेला २० मोठे दिसतात. फराळाचा मोठा डबा ६०० रुपयांचा आहे. '१० टक्के सूट' आणि '६० रुपये सूट' यांत ६० मोठे दिसतात. बाजारात चालता चालता पाटी वाचणारं गिऱ्हाईक गणित करत बसत नाही. त्याच्या डोळ्यांत आधी आकडा भरतो, आणि मग थांबायचं की पुढे जायचं ते ठरतं.

अमेरिकेतले प्राध्यापक जोना बर्गर यांनी २०१३ साली आलेल्या आपल्या पुस्तकात याला 'शंभराचा नियम' म्हटलं आहे. त्याआधी १९९८ साली चेन, मन्रो आणि लू या तीन संशोधकांनीही हेच तपासलं होतं. महाग वस्तूवर सवलत पैशांत सांगितली तर ती जास्त वाटते, स्वस्त वस्तूवर टक्क्यांत सांगितली तर जास्त वाटते, असं त्यांना दिसलं. बर्गर यांचा शंभराचा नियम डॉलरचा आहे. शंभर डॉलरची वस्तू तिकडे बऱ्यापैकी महाग असते, पण आपल्याकडे शंभर रुपये ही रोजच्या खरेदीतली रक्कम आहे. म्हणून आपल्या स्टॉलवरचा बराच माल शंभराच्या वरच असतो, आणि बऱ्याच ठिकाणी आपल्याला रुपयांची पाटी जास्त उपयोगी पडते. मात्र शंभर ते दोनशेच्या दरम्यान फार डोकं शिणवू नका. १५० रुपयांच्या मसाल्यावर दहा टक्के म्हणजे १५ रुपये. दहा काय नि पंधरा काय, फरक थोडाच आहे. तिथे जे सांगायला सोपं वाटेल ते लिहा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा नियम मालाला लागत नाही, पाकिटाच्या किमतीला लागतो. उन्हाळी वाळवणाचं उदाहरण घेऊ. उडदाचे पापड किलोला ३०० रुपये आणि २०० ग्रॅमचं छोटं पाकीट ६० रुपये. पावसाळ्याची दमट हवा लागण्याआधी माल काढायचा म्हणून आपण दोन्हीवर सारखीच सवलत ठेवली, शंभरामागे १५. किलोवर ४५ रुपये कमी झाले, छोट्या पाकिटावर ९ रुपये. आता किलोच्या ढिगापुढे लिहा 'किलोमागे ४५ रुपये सूट', आणि छोट्या पाकिटांपुढे लिहा '१५ टक्के सूट'. छोट्या पाकिटापुढे '९ रुपये सूट' लिहिलं तर वाचणारी मनात म्हणेल, नऊ रुपयांसाठी पाटी कशाला लावली?

आता पाटीच्या आधीचं काम. कारण पाटी कितीही चांगली लिहिली आणि सवलतच चुकीची ठरवली, तर जास्त माल विकूनही गटाच्या हाती कमी पैसे येतात. सवलत आपण किमतीवर देतो, पण ती जाते नफ्यातून. हे वाक्य वहीत लिहून ठेवलं तरी चालेल.

फराळाच्या ६०० रुपयांच्या डब्याचाच हिशोब करू. त्यात चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू मिळून दीड किलो माल आहे. पोहे, भाजणी, बेसन, तेल, तूप, साखर, गॅस, डबा, लेबल, बाजारापर्यंतचं भाडं आणि बायकांची मजुरी हे सगळं धरून एका डब्याला ४८० रुपये खर्च येतो असं समजू. मजुरी धरायची म्हणजे धरायचीच. आपण घरच्या घरी केलं म्हणून ती फुकट होत नाही. तर नफा राहिला १२० रुपये. आता '१० टक्के सूट' लिहिलं की ६० रुपये गेले आणि नफा उरला ६०. गिऱ्हाइकाला दहा टक्के मिळाले, पण आपला अर्धा नफा गेला. सवलत न देता ५० डबे विकले असते तर ६००० रुपये नफा झाला असता. सवलतीत तेवढाच नफा हवा असेल तर १०० डबे विकावे लागतील. आपल्या गटात १०० डबे तळायला हात आहेत का, चूल आहे का, दिवस आहेत का, हे आधी बघा.

समजा हिशोब करून गट म्हणाला की आपल्याला ६० झेपत नाहीत, ४० झेपतील. मग डब्यामागे ८० रुपये नफा राहतो आणि ६००० रुपयांसाठी ७५ डबे पुरतात. ५० वरून ७५ वर जाणं जमण्यासारखं आहे. इथे रुपयांच्या शब्दांचा दुसरा फायदा कळतो. ६०० वर ४० रुपये म्हणजे टक्क्यांत ६.६७ होतात. 'पावणेसात टक्के सूट' अशी पाटी कुणी लावते का? टक्क्यांची पाटी लिहायची तर ५, १०, १५, २० हेच आकडे लोकांच्या सवयीचे आहेत. म्हणून टक्क्यांत विचार केला की हात आपोआप १० वर जातो, आणि झेपत नसताना २० रुपये जास्त सुटतात. रुपयांत विचार केला तर ३५, ४०, ४५ असं आपल्याला परवडेल तिथे थांबता येतं. म्हणून आम्ही गटांना सांगतो की क्रम उलटा करू नका. आधी खर्च काढा, मग किती रुपये सोडता येतील ते ठरवा, आणि शेवटी ते कोणत्या शब्दांत लिहायचं ते बघा.

पण रुपयांचा आकडा मोठा दिसतो म्हणून फारच थोडी सवलत देऊन भागेल का? तसं होत नाही. माणूस सवलत नेहमी किमतीच्या शेजारी ठेवून बघतो. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक साधा प्रश्न विचारला होता. तुम्ही १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घ्यायला गेला आहात, आणि वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुसऱ्या दुकानात तो ५ डॉलरने स्वस्त आहे. तुम्ही जाल का? शंभरातल्या ६८ जणांनी हो म्हटलं. दुसऱ्या लोकांना हाच प्रश्न १२५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरबद्दल विचारला. तिथेही वाचणार होते ५ डॉलरच आणि जायचं होतं तेवढंच लांब, पण हो म्हणणारे निघाले शंभरात २९. वाचणारे पैसे तेच, पण मोठ्या किमतीपुढे ते किरकोळ वाटले. आपल्याकडेही तसंच आहे. २० रुपयांच्या मेथीच्या जुडीवर ५ रुपयांसाठी आपण घासाघीस करतो, आणि १२०० रुपयांच्या साडीवर ५ रुपये कमी केले तर दुकानदारावर हसतो. म्हणून ६०० च्या डब्यावर '१० रुपये सूट' लिहू नका. आमच्या मते शंभरामागे पाच रुपयेही सुटत नसतील तर पाटीच लावू नये. त्यापेक्षा डब्यात दोन लाडू जास्त घालावेत.

आता हंगामाकडे येऊ. हंगाम म्हटलं की आपण सरसकट सवलत लावतो. पण हंगामाचे तीन टप्पे असतात, सणाच्या आधीचा, ऐन सणाचा आणि सणानंतरचा. प्रत्येक टप्प्यावर सवलत द्यायचं कारण वेगळं असतं, म्हणून शब्दही वेगळे लागतात.

पहिला टप्पा म्हणजे आगाऊ नोंदणी. दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी आपण डब्यांची मागणी घेतो. इथे सवलत कशासाठी द्यायची? किती डबे करायचे ते आधी कळावं आणि तेल-बेसन घ्यायला हातात पैसा यावा म्हणून. ५६० रुपयांच्या नोंदणीवर २०० रुपये आगाऊ घेतले, तर ५० डब्यांचे १०,००० रुपये जमतात. तेवढंच कर्ज गटातून शेकडा दोनने महिनाभर घेतलं असतं तर व्याज २०० रुपये झालं असतं. आणि सवलत किती दिली? ५० डबे गुणिले ४०, म्हणजे २००० रुपये. तेव्हा नुसतं व्याज वाचवायला ही सवलत परवडत नाही, हे स्पष्ट समजून घ्या. ती परवडते ती दुसऱ्या कारणाने. नोंदणीएवढेच डबे केले की माल उरत नाही. उरलेले दहा डबे वाया गेले तर त्यांच्या खर्चाचेच ४८०० रुपये जातात. शिवाय लवकर नोंदणी केलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. म्हणून नोंदणीची सवलत तारखेने आणि डब्यांच्या संख्येने बांधून घ्या.

या टप्प्यावर शब्द रुपयांचेच हवेत. वस्तू एकच आहे, किंमत शंभराच्या बरीच वर आहे, आणि नोंदणी बहुतेक तोंडी किंवा फोनवर होते. फोनवर 'साडेसहा टक्के' सांगून कुणाला काही कळत नाही. 'वसुबारसेच्या पंधरा दिवस आधी सांगितलं तर डब्याला ४० रुपये कमी, म्हणजे ५६० ला पडेल' हे एकदा सांगितलं की गिऱ्हाईक तेच शेजारणीला सांगते. सवलतीची बातमी तोंडोतोंडी पसरायची असेल तर ती रुपयांत असावी, कारण आपल्याकडे घासाघीस रुपयांत होते. 'दहा रुपये कमी करा की' असं बाई म्हणते, 'चार टक्के कमी करा' असं म्हणणारी आठवडे बाजारात भेटत नाही.

दुसरा टप्पा ऐन सणाचा. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी स्टॉलवर गर्दी आहे, तळणाऱ्या बायकांचे हात दुखत आहेत आणि मागणी पुरी होत नाही. त्या दिवशी सवलतीची पाटी कशाला? जो माल पूर्ण किमतीला जाणारच आहे त्यावर रुपये सोडले तर ते सरळ मजुरीतून गेले. गिऱ्हाईक 'काहीतरी कमी करा' म्हणालंच, तर चार डबे घेणाऱ्याला एक लहान पाकीट चिवडा द्या, पण पाटी लावू नका. मात्र इथे एक सवलत कामाची आहे. कुणी ३०० ची खरेदी करते, कुणी ४०० ची, त्यांनी अजून थोडं घ्यावं असं आपल्याला वाटतं. तिथे '५०० रुपयांच्या वर खरेदीवर ५० रुपये सूट' असं लिहिता येईल. इथे रुपये आणि टक्के यांत आपल्यासाठीही फरक आहे. '५०० च्या वर १० टक्के' लिहिलं आणि कुणी ३००० ची खरेदी केली तर ३०० रुपये सुटतात. '५० रुपये' लिहिलं तर बिल कितीही झालं तरी ५० च सुटतात. एका बिलाला जास्तीत जास्त किती जाणार हे आपल्याला आधीच माहीत असतं.

पण त्यासाठी पाटीवर 'एका बिलाला' हे शब्द हवेत. नुसतं '५० रुपये सूट' लिहिलं की भांडण ठरलेलं. गिऱ्हाईक समजतं प्रत्येक डब्यावर, आपण समजतो पूर्ण बिलावर. रुपयांच्या पाटीचा हा कमकुवत भाग आहे. टक्के कशावरही लावले तरी एकूण उत्तर सारखंच येतं, पण रुपये कशामागे ते लिहावंच लागतं. डब्यामागे, किलोमागे की बिलामागे, यांतला एक शब्द नसेल तर पाटी अर्धी आहे.

तिसरा टप्पा सण झाल्यानंतरचा. भाऊबीज झाली आणि चकली, चिवडा, शंकरपाळे यांची पाकिटं उरली. तळलेल्या मालाला दिवस गेले की तेलाचा खवट वास येऊ लागतो, त्यामुळे थांबून उपयोग नाही. इथे खर्च होऊन गेलेला आहे. माल फेकला तर हाती शून्य येणार, म्हणून नफा नाही निघाला तरी विकणं बरं. या टप्प्यावर सवलत मोठी असू शकते, आणि शब्द टक्क्यांचे चांगले. त्याला दोन कारणं आहेत. पाकिटं शंभराच्या खालची आहेत. आणि माल वेगवेगळ्या किमतींचा आहे. चकली ८०, चिवडा ९०, शंकरपाळे ७०. रुपयांत लिहायचं तर १६ रुपये, १८ रुपये, १४ रुपये अशा तीन पाट्या लागतील आणि तिन्ही किरकोळ दिसतील. 'सर्व पाकिटांवर २० टक्के सूट' ही एकच पाटी सगळ्यांना पुरते आणि लांबून दिसते.

मात्र टक्क्यांच्या पाटीखाली गणित आपण करून द्यायचं. चकली ८० ची ६४ ला, चिवडा ९० चा ७२ ला, शंकरपाळे ७० चे ५६ ला, असं प्रत्येक ढिगापुढे लिहा. टक्के गिऱ्हाइकाला थांबवतात, पण पिशवीत हात घालायला त्याला शेवटची किंमत लागते. ज्या बाईला टक्के काढता येत नाहीत ती विचारायला लाजते आणि पुढे निघून जाते. ती गेली हे आपल्याला कळतही नाही. आणखी एक, वापराची तारीख उलटलेला माल कितीही सवलतीत विकू नका. आणि उरलेल्या मालाची मोठी सवलत दरवर्षी ठरल्यासारखी देऊ नका. लोक हुशार असतात, ते पुढच्या वर्षी भाऊबीज होण्याची वाट बघतात. दरवर्षी माल उरत असेल तर नोंदणी वाढवायला हवी.

पाकीटबंद मालाबद्दल कायद्याच्या दोन गोष्टी सांगतो. आपल्या पाकिटावर एमआरपी, म्हणजे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. सवलतीत कमी किमतीचं स्टिकर लावायला परवानगी आहे, पण ते छापील एमआरपीवर चिकटवून ती झाकायची नाही. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत तसं स्पष्ट आहे. स्टिकर शेजारी लावा. गिऱ्हाइकाला ८० आणि ६४ दोन्ही दिसले तर आपलाच फायदा आहे.

दुसरी गोष्ट, सवलतीआधी किंमत वाढवायची नाही. ८० चं पाकीट १०० चं करायचं आणि '२० टक्के सूट' म्हणून पुन्हा ८० ला विकायचं, असं काही दुकानांत चालतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे किमतीबाबत अशी दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपलं गिऱ्हाईक पंचक्रोशीतलंच असतं. मागच्या महिन्यात चकली कितीला होती हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं आठवतं. तसंच '५० टक्क्यांपर्यंत सूट' हा कापड दुकानांतला 'पर्यंत' आपण वापरू नये. एकाच पाकिटावर ५० आणि बाकी सगळ्यांवर ५ असेल, तर बाई एकदा फसते आणि पुन्हा आपल्या स्टॉलकडे वळत नाही.

आता काही जणी विचारतील, आमच्या बाजारात हे खरंच चालतं का, हे कसं ओळखायचं? तपासून बघता येतं आणि खर्च काहीच नाही. एकच माल घ्या, सवलत सारखीच ठेवा आणि दोन पाट्या लिहा. एकीवर '१० टक्के सूट', दुसरीवर 'डब्यामागे ६० रुपये सूट'. दोन्हींखाली शेवटची किंमत ५४० लिहा. ही सवलत आपल्या ४० पेक्षा जास्त आहे, म्हणून तपासणीपुरते थोडेच डबे काढून ठेवा. बाजारात एक तास एक पाटी लावा, पुढचा तास दुसरी. सकाळभर एक आणि दुपारभर दुसरी असं करू नका. सकाळची गर्दी वेगळी असते, मग फरक पाटीचा की वेळेचा हे कळत नाही. एका मैत्रिणीने वहीत दोनच रेघा मारायच्या, किती जणींनी थांबून विचारलं आणि किती जणींनी घेतलं. एका बाजारात ११ आणि ९ असा फरक आला तर त्यावरून काही ठरवू नका, तो योगायोगही असेल. तीन-चार बाजारांत एकच पाटी सतत पुढे राहिली तर ती आपल्या गिऱ्हाइकाची भाषा आहे असं समजा. शहरातल्या प्रदर्शनात उत्तर वेगळंही येईल, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला मॉलमुळे टक्क्यांची सवय असते. तिथली नोंद वेगळ्या पानावर ठेवा.

तर मैत्रिणींनो, यंदाच्या बैठकीत पाटी लिहायला घेण्याआधी डब्याचा खर्च मांडा आणि किती रुपये सोडता येतील ते ठरवा. नंतर बघा की वस्तू शंभराच्या वर आहे की खाली, आणि एकच आहे की अनेक. मग पाट्या अशा होतील. नोंदणीसाठी लिहा, 'दिवाळी फराळ डबा, दीड किलो, ६०० रुपये. आधी नोंदणी केल्यास डब्यामागे ४० रुपये कमी. तुम्हाला पडेल ५६० ला. पहिल्या ७५ डब्यांसाठी.' खाली शेवटची तारीख आणि गटाचा फोन नंबर टाका. सणानंतर लिहा, 'सर्व पाकिटांवर २० टक्के सूट', आणि प्रत्येक ढिगापुढे जुनी नि नवी किंमत. अक्षर मोठं काढा, आकडा त्याहून मोठा काढा. आणि बाजारातून परत आल्यावर त्या रेघा मारलेली वही पुढच्या बैठकीत सगळ्यांपुढे ठेवा. पुढच्या हंगामाची पाटी त्या वहीवरून ठरवता येईल.